ब्लाउज आणि परकर : कापड कसे वागते?

साडी अंगाला थेट फारशी लागत नाही. घाम टिपणे, घर्षण सोसणे आणि साडीचा भार पेलणे ही कामे ब्लाउज आणि परकर करतात. तरीही दुकानात या दोन कपड्यांचे कापड बहुधा फक्त रंग जुळवून निवडले जाते. रंग जुळला पण कापड चुकले, तर ब्लाउज काखेत फाटतो, पाठीवर चिकटतो, आणि परकरावरून निऱ्या घसरत राहतात.

कापड घामाशी कसे वागेल हे मुख्यतः धाग्याच्या जातीवर ठरते. साधारण दमट हवेत कोरडा दिसणारा सुती धागासुद्धा स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के बाष्प पोटात धरून असतो. रेशमात हे प्रमाण अकरा टक्क्यांच्या आसपास, व्हिस्कोस म्हणजे रेयॉनमध्ये त्याहून थोडे जास्त, आणि पॉलिस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. म्हणून हलका घाम आला तर सुती ब्लाउज तो शोषून घेतो आणि त्वचेला ओल जाणवत नाही. पॉलिस्टरच्या ब्लाउजमध्ये तोच घाम कापड आणि त्वचा यांच्यामध्ये पातळ थरासारखा साचतो.

मात्र ‘सुती म्हणजे थंड’ हे अर्धेच खरे आहे. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात सुती कापड भिजते, ओल झपाट्याने उडून जाते आणि अंगाला गारवा मिळतो. तिथे जरा जाड पॉपलीनही चालते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत ओल उडायलाच वेळ लागतो. जाड सुती कापड एकदा भिजले की तासन्‌तास ओलेच राहते, जड होते आणि काखेत काचते. अशा हवेत धाग्याइतकेच महत्त्व विणीला आहे. कापड पातळ आणि विरळ विणीचे असेल तरच हवा आत-बाहेर खेळते. किनारपट्टीवर जाड सुती ब्लाउजपेक्षा पातळ सुती ब्लाउज केव्हाही बरा.

रोजच्या ब्लाउजसाठी टू बाय टू रुबिया इतकी वर्षे टिकून राहिली ती याच कारणाने. टू बाय टू म्हणजे उभा आणि आडवा दोन्ही धागे दोन पदरी. बारीक सुताचे दोन पदर घट्ट पिळून एक धागा होतो आणि अशा धाग्यांची विरळ वीण घातली जाते. पिळामुळे धागा मजबूत होतो आणि त्याला थोडा कुरकुरीत ताठपणा येतो, त्यामुळे पातळ असूनही कापड अंगाला लगेच चिकटत नाही. एकपदरी धाग्याचे मलमल रुबियापेक्षा मऊ आणि थंड असते, पण ब्लाउजला तेवढे पुरत नाही. पाठीचा भाग ताणला जातो तिथे शिवणीजवळचे धागे सरकतात आणि कापड विरते. पॉपलीन आणि कॅम्ब्रिक दाट विणीचे असते. त्यात टक्स सुबक बसतात, कटोरीचा आकार धरून राहतो, फिटिंग छान येते, पण हवा कमी खेळते.

अडचण अशी की रुबियाच्या नावाखाली पॉलिस्टर मिसळलेले कापडही विकले जाते. ते चुरगळत नाही, रंग टिकवते आणि स्वस्त पडते, म्हणून त्यात काही वाईट आहे असे नाही. सुती म्हणून घेतलेले कापड सुती असावे, एवढेच. कडेचे दोन-चार धागे ओढून चिमट्यात धरून पेटवले की फरक कळतो. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख बोटावर चुरते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी धरते. मिश्र धाग्यात राखेबरोबर कडक खडा हाताला लागतो.

नव्या कापडाच्या ताठपणावरही भरवसा ठेवू नये. त्यातला बराच ताठपणा खळीचा असतो. कापडाचा कोपरा तळव्यांमध्ये जोरात चोळला आणि पांढरी भुकटी पडली किंवा कापड लगेच लुळे झाले, तर पहिल्या दोन धुण्यांत तो ताठपणा निघून जाईल. धाग्याच्या पिळातून आलेला ताठपणा मात्र धुतल्यावरही राहतो.

सुती कापड आटते, आणि ब्लाउजइतका नेमक्या मापाचा दुसरा कपडा क्वचितच असतो. कापड पाच टक्के आटले तर पंधरा इंच उंचीचा ब्लाउज पाऊण इंचाने तोकडा होतो. छत्तीस इंचांच्या छातीच्या मापात पावणेदोन इंचांहून जास्त घट येऊ शकते, म्हणजे हुक लागणेच बंद. म्हणून शिवण्याआधी ब्लाउजपीस आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवावे. पुष्कळदा फक्त अस्तर भिजवायचे राहते. वरचे कापड पॉलिस्टरचे आणि आतले कोरे सुती असले, तर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि वरच्या कापडाला शिवणीशेजारी सुरकुत्या पडतात. त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

अस्तराचे महत्त्व मे महिन्यातल्या लग्नात सर्वांत नीट कळते. पैठणीवरचा ब्लाउज रेशमी, बाहीला जरीचा काठ, आणि दुकानदाराने सुचवलेले गुळगुळीत पॉलिस्टरचे अस्तर, असा मेळ समजा जमला. सकाळच्या मुहूर्ताला ब्लाउज सुरेख दिसतो. दोन-तीन तासांत पाठीवरून घाम ओघळू लागतो, कारण अस्तर तो शोषत नाही. तो शिवणींवाटे आणि कडांवाटे रेशमापर्यंत पोहोचतो, काखेत गडद डाग उमटतो आणि वाळल्यावर त्याभोवती पांढरट कड दिसते. ही कड घामातल्या क्षारांची. ब्लाउज तसाच घडी घालून कपाटात गेला, तर पुढच्या लग्नापर्यंत त्या जागेचा रंग बदललेला असतो आणि रेशीम कमजोर होऊन हात वर करताच चिरते. त्याच ब्लाउजला मऊ सुती अस्तर असते, तर बराचसा घाम तिथेच मुरला असता. रेशमी ब्लाउजला अस्तर सुतीच हवे, आणि समारंभ संपल्यावर तो उलटा करून सावलीत वाऱ्यावर टाकायला हवा. काखेतले सुटे घामपॅड कपाळाला आठ्या घालून नाकारले जातात, पण रेशीम वाचवण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ब्लाउज झिजतो तो बहुतेक वेळा मुंढ्याच्या खालच्या टोकाला. तिथे घाम, घर्षण आणि ताण एकत्र येतात. लोकलमधली कडी धरायला हात वर गेला की बाही, छाती आणि पाठ या तिन्हींची ओढ त्या एका शिवणीवर येते. सुती धागा ओला झाल्यावर उलट मजबूत होतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. व्हिस्कोस ओले झाल्यावर जवळजवळ निम्मी ताकद गमावते, म्हणून रेयॉनचा मऊ, झुळझुळीत ब्लाउज अंगाला सुखाचा वाटला तरी घट्ट मापात लवकर फाटतो. ब्रोकेडची तऱ्हा वेगळी. धागा तुटत नाही, पण शिवणीच्या दोन्ही बाजूंना सरकतो आणि फट पडते. ब्रोकेडला शिवणीत जास्त कापड सोडावे, कडा ओव्हरलॉक कराव्यात आणि ताण अस्तराने घ्यावा, अशा बेताने अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा किंचित घट्ट ठेवावे. होजियरीचे ताणले जाणारे तयार ब्लाउज मुंढ्यात काचत नाहीत. त्यातले सुती होजियरी बरे. मात्र त्यातला लवचीक धागा गरम पाणी आणि कडक इस्त्रीने लवकर मरतो.

परकराकडे वळले की घामाबरोबर घसरणीचा प्रश्न येतो. सुती पॉपलीनचा पृष्ठभाग थोडा खरखरीत असतो, त्यामुळे खोचलेल्या निऱ्या जागेवर राहतात. सुती साडीखाली हीच पकड कधी कधी जास्त होते. कापडाला कापड अडते आणि चालताना साडी पायांत येते. तिथे परकर पातळ कॅम्ब्रिकचा असावा. सॅटिनच्या परकरावर साडी सुळसुळीत पडते, कंबर बारीक दिसते, पण भरजरी रेशमी साडीचे वजन खाली ओढू लागले की निऱ्या सुटतात. शिफॉन किंवा जॉर्जेटखाली पॉलिस्टर सॅटिन घातला, तर कोरड्या थंडीत दोन्ही कापडे घासून वीज साठते आणि साडी पायांना चिकटून बसते. शेपवेअर प्रकारचा ताणला जाणारा परकर आकार उत्तम देतो, पण त्यात मांड्यांना हवा लागत नाही. दोन-तीन तासांच्या समारंभाला तो ठीक, दिवसभराच्या कामाला नाही. काष्ट्याच्या नऊवारीला परकर लागतच नाही, त्यामुळे हा सगळा हिशेब सहावारीचा.

घसरणाऱ्या परकराचा खरा तोटा कमरेला सोसावा लागतो. साडी सुटू नये म्हणून नाडी आणखी आवळली जाते. परकराच्या नाडीची दोरी अरुंद असते, सगळा भार त्या बोटभर रेषेवर येतो आणि खाली घाम अडकतो. आधी त्वचा काळवंडते, मग खाज आणि सोलवटणे. वर्षानुवर्षे हे चालले आणि जखम भरेनाशी झाली, तर क्वचित तिथे कर्करोगही होतो. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या स्त्रियांच्या कमरेवरील अशा कर्करोगाची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकात मांडली. धोतरामुळे होणाऱ्या अशाच कर्करोगाची नोंद मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांनी 1945 मध्ये केली होती.

म्हणून रोजच्या परकराला पकड असलेले सुती कापड, अडीच-तीन बोटे रुंद पट्टा आणि चपटी नाडी हवी. नाडीची गाठ रोज एकाच जागी न बांधता थोडी पुढे-मागे सरकवावी. घरी परतल्यावर नाडी सैल करून कंबर कोरडी करावी. कमरेवरची जखम काही आठवड्यांत भरली नाही, तर मलम बदलत बसण्याऐवजी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.