छाती ३८, पण कुणाची?

‘एम – छाती ३८’. ऑनलाइन कुर्ता विकणाऱ्या पानावर एवढंच लिहिलेलं असतं. हे ३८ इंच अंगाचे की शिवलेल्या कुर्त्याचे? शिंप्याकडे हा प्रश्न येत नाही. तो अंगाचं माप घेतो आणि ढिलाई स्वतःच धरतो. ऑनलाइन खरेदीत टेप गिऱ्हाइकाच्या हाती असते, ढिलाई मात्र विकणाऱ्यालाच ठाऊक.

एका मैत्रिणीच्या सुती कुर्त्यांचं पान आम्ही सुधारायला घेतलं, तेव्हा परत आलेल्या पार्सलांवर एकच तक्रार होती: हात वर केला की काखेत ओढतं. एम साइझचा कुर्ता टेबलावर सपाट पसरला, काखेच्या इंचभर खाली आडवी टेप धरली. १९ इंच, म्हणजे घेर ३८. तक्ता कुर्त्याचा होता आणि बायका त्यात स्वतःचं माप शोधत होत्या. ज्यांची छाती ३८, त्यांना ढिलाई शून्य मिळाली. न ताणणाऱ्या सुती कापडाला निदान दोन इंच तरी हवेतच. मग आम्ही दोन रकाने केले: ‘तुमची छाती ३५–३६’ आणि त्याशेजारी ‘कुर्त्याची छाती ३८’. कुर्त्याचं माप एकदा धुतलेल्या नगावरून घेतलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. माझ्या मते पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

तीन रंग आणि पाच साइझ म्हणजे पंधरा वेगळे माल, आणि प्रत्येकाचा साठा वेगळा मोजायचा. निळ्यातला एम संपला, तर ते बटण काढून टाकू नये. फिकं करून ‘आल्यावर कळवा’ अशी सोय द्यावी. नाहीतर हा साइझ बनतच नाही, असं वाटतं. रंग बदलला तरी निवडलेला साइझ तसाच राहावा. पण साइझ आधीपासून निवडून ठेवू नये; न बघता ऑर्डर जाते. ‘फक्त २ शिल्लक’ हे त्या रंगातल्या त्या साइझचे खरोखर दोनच नग असतील तेव्हाच लिहावं. खोटी घाई दाखवणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फसवणुकीच्या प्रकारांत मोडतं.

‘३ ते ४ दिवसांत पोचेल’ हे मात्र खरं असूनही फसवतं. कुरिअरवाला दुपारी दोनला माल उचलतो. शनिवारी चारला आलेली ऑर्डर रविवारची सुट्टी धरून सोमवारी निघते, आणि रत्नागिरीला तीन-चार दिवस धरले तर गुरुवारी किंवा शुक्रवारी पोचते. गिऱ्हाईक मात्र शनिवारपासून मोजतं आणि मंगळवारी फोन करतं. म्हणून पिनकोड टाकताच, खरेदीच्या बटणाच्या वरच, वार आणि तारीख दिसावी. बुधवारी हळद असलेल्या घरातली बाई ती बघून पैसे भरण्याआधीच ठरवेल, की हा कुर्ता मागवायचा की गावातल्या दुकानातून आणायचा.