मसाल्याचा रंग आणि फोनची हुशारी

व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये कांदा-लसूण मसाल्याचे तीन पुडे दिसतात. १०० ग्रॅमचा फोटो रात्री ओट्यावर, बल्बच्या उजेडात काढलेला. २५० ग्रॅमचा दुपारी गॅलरीत, फुलाफुलांच्या चादरीवर. अर्धा किलोचा कुणीतरी हातात धरलाय. मसाला एकच, एकाच दिवशी डंकावरून कुटून आणलेला. पण फोटोत एक विटकरी, एक नारिंगी आणि एक चक्क किरमिजी. मग गिऱ्हाइकाचा मेसेज येतो : ‘ताई, यातला जास्त तिखट कुठला?’

प्रश्न रास्त आहे. मिरचीच्या पदार्थात माणूस रंगावरून तिखटपणाचा अंदाज बांधतो, आणि तीन रंग दिसले तर त्याने तीन मसाले समजायचे नाहीत तर काय? घरगुती मसाले, लोणची, कुरडया विकणाऱ्यांच्या कॅटलॉगची खरी अडचण इथे आहे. एखादा फोटो वाईट येतो, ही तक्रार त्यामानाने किरकोळ. प्रत्येक फोटो आपापल्या परीने बरा असतो, फक्त तो शेजारच्या फोटोशी जुळत नाही.

याचं कारण फोनची हुशारी. शटर दाबताना फोन दरवेळी नव्याने तीन गोष्टी ठरवतो : चित्र किती उजळ हवं, प्रकाशाचा रंग कोणता समजायचा आणि कोणती लेन्स वापरायची. सहलीच्या फोटोंना हे सोयीचं पडतं. कॅटलॉगसाठी मात्र हे तिन्ही निर्णय त्याच्या हातून काढून घ्यावे लागतात.

उजेडापासून सुरुवात करू. घरात बहुधा तीन रंगांचे उजेड एकत्र नांदत असतात. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्व्हिनचा, दिवसाचा ५५०० च्या आसपास आणि पांढऱ्या ट्यूबचा ६५०० पर्यंत. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. फोन एका उजेडाशी जुळवून घेऊ शकतो. खिडकीतून दिवसाचा उजेड आणि वरून ट्यूबचा असं दोन्ही असेल, तर पुड्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट राहतेच, नंतर कितीही सुधारा. म्हणून फोटो काढताना घरातले सगळे दिवे बंद करावेत आणि एकच खिडकी वापरावी. उत्तरेची असली तर उत्तम, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही. महाराष्ट्रात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला सरकतो, तेव्हा या खिडकीतही ऊन डोकावतं. दुसऱ्या दिशेची खिडकी असली किंवा ऊन आलंच, तर काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवला किंवा पांढरी ओढणी ताणून बांधली की काम होतं.

खिडकी पुड्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला हवी. समोर असली तर पूड सपाट दिसते, मागे असली तर पुडा काळवंडतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला, पुड्यापासून वीतभर अंतरावर थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करावा, म्हणजे सावलीची बाजू उजळते. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : भिंत हिरवी असेल किंवा फोटो काढणारीने लाल ड्रेस घातला असेल, तर तो रंग पांढऱ्या कागदावर उतरतो. त्या दिवशी पांढरे किंवा राखाडी कपडे घालावेत.

पाठीमागे काय ठेवायचं? स्टेशनरीच्या दुकानात २२ बाय ३० इंचांची पांढरी ड्रॉइंग शीट मिळते. ती टेबलावर पसरून मागचं टोक भिंतीला चिकटपट्टीने लावायचं. मध्ये घडी पडू द्यायची नाही, कागद वळणावळणाने वर चढला पाहिजे. मग टेबल कुठे संपलं आणि भिंत कुठे सुरू झाली ते दिसत नाही. चकचकीत चार्टपेपर टाळावा, त्यावर खिडकीचा पट्टा उमटतो. मसाला सांडून शीटवर डाग पडले की ती बदलायची. डाग पुसायला गेलं तर हळद-मिरची आणखी पसरते.

या पांढऱ्या कागदावरच फोनचा सगळ्यात मोठा गोंधळ उघड होतो. फोनचं उजेडाचं गणित असं गृहीत धरून चालतं की कुठल्याही दृश्याची सरासरी मध्यम राखाडी असते. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या कुरडया ठेवल्या की त्याला दृश्य फार उजळ वाटतं, तो चित्र काळोखं करतो आणि कागद राखाडी होतो. त्याच कागदावर काळपट गोडा मसाला ठेवला की तो उलट उजेड वाढवतो. कागद पांढरा फटक होतो आणि गोडा मसाला मातकट दिसतो. एकाच कागदावर, एकाच खिडकीशी, पाच मिनिटांच्या अंतराने काढलेले हे दोन फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या दुकानांतले वाटतील.

यावर उपाय साधा आहे. पहिला पुडा ठेवून त्याच्या लेबलवर बोट दाबून धरा. आयफोनवर वरती AE/AF LOCK असं दिसतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कुलूप दिसतं. मग शेजारचा सूर्य बोटाने वर-खाली सरकवून कागद पांढरा दिसेल पण त्याचा पोत पूर्ण पुसला जाणार नाही, इतका उजेड ठेवा. आता फोन न हलवता एकेक पुडा बदलत जा. या कुलपाने उजेड बांधला जातो, रंग बांधला जाईलच असं नाही. ज्या फोनमध्ये प्रो मोड आहे, तिथे व्हाइट बॅलन्स ५५०० वर ठेवून द्यावा. तो नसेल तर पहिल्या फोटोत पुड्याशेजारी कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. नंतर रंग सुधारताना काय पांढरं होतं ते त्यावरून कळतं. खाद्यपदार्थ ओळखून रंग खुलवणारी सोय फोनमध्ये असेल तर ती आधी बंद करावी.

लाल रंगाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मिरची पुडीवर फोन हमखास फसतो. उजेड जरा जास्त झाला की लाल रंग आपल्या कमाल मर्यादेला जाऊन थडकतो आणि पुडीचे कण दिसेनासे होतात, नुसता लाल पत्रा दिसतो. फोटो काढल्यावर दोन बोटांनी मोठा करून बघा. बिया, बारीक चुरा, सावल्या दिसत असतील तर ठीक, नाहीतर सूर्य थोडा खाली ओढून पुन्हा काढा. ओल्या-तेलकट बोटांनी फोन हाताळला असेल तर त्याआधी लेन्स सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनचे धुरकट फोटो बहुधा एवढ्यानेच सुधारतात.

आता अंतर. फोनची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते. पुडा मोठा दिसावा म्हणून आपण जवळ जातो आणि वरून फोटो काढतो. मग पुड्याचं डोकं मोठं, बूड निमुळतं, आणि लोणच्याची बरणी घंगाळासारखी फुगलेली. फार जवळ गेलं तर काही फोन आपणहून दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात, मग रंगही बदलतो. म्हणून लांब उभं राहायचं आणि फोन पुड्याच्या मध्याच्या उंचीवर, स्टँडवर ठेवायचा. स्टँड नसेल तर डब्यांची उतरंड चालते, हात मात्र नको.

किती लांब, याचा हिशेब एकदाच करावा लागतो. समजा, आपल्याकडचा सगळ्यात उंच पुडा अर्ध्या किलोचा, २४ सेंटिमीटरचा आहे. तो चौकोनी फोटोची साधारण ८० टक्के उंची व्यापावा असं ठरवलं, तर चौकट ३० सेंटिमीटरची हवी. दुप्पट झूमवर फोन ६० सेंटिमीटरवर ठेवला की साधारण एवढीच चौकट मिळते. स्वस्त फोनचं झूम दाणेदार येत असेल तर त्याच ६० सेंटिमीटरवरून साधा फोटो काढून नंतर मधला भाग कापावा. तीन हजार बाय चार हजार पिक्सेलच्या फोटोतून दीड हजार पिक्सेलचा चौकोन सहज निघतो आणि मोबाइलवर बघणाऱ्याला तो पुरतो. टेबलावर पुड्याची जागा आणि स्टँडची जागा रंगीत चिकटपट्टीने आखून ठेवा, कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेघा चालू करा.

इथे एक प्रश्न उरतोच : १५ सेंटिमीटरचा छोटा पुडा त्याच जागी ठेवला तर तो निम्मीच चौकट भरतो. जवळ जाऊन त्यालाही मोठा करावा का? एकाच मसाल्याच्या वेगवेगळ्या वजनांसाठी माझं मत ठाम आहे, करू नये. तिन्ही पुडे एकाच अंतरावरून काढले की १०० ग्रॅमचा लहान दिसतो, अर्धा किलोचा मोठा, आणि घरी पार्सल आल्यावर ‘फोटोत केवढा दिसत होता!’ हे ऐकावं लागत नाही. लोणच्याच्या बरण्या किंवा पापडाची पाकिटं हे वेगळे गट. त्यांचं अंतर वेगळं ठरवायला हरकत नाही, मात्र गटाच्या आत ते बदलू नये. मोठ्या ऑनलाइन बाजारांचे नियम वेगळे असतात. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो. तिथे विकायचं असेल तर छोट्या पुड्याचा फोटो वेगळा कापून घ्यावा आणि खऱ्या आकारासाठी तिन्ही पुडे शेजारी-शेजारी असलेला दुसरा फोटो द्यावा.

चकचकीत पुड्यावर खिडकीची पांढरी पट्टी पडली तर उजेड बदलू नका, पुड्याचं तोंड खिडकीपासून जरासं पलीकडे वळवा; पट्टी बाजूला सरकते. पुडा आधी आपटून पूड खाली बसवावी आणि समोरच्या सुरकुत्या हाताने ताणाव्यात. काचेच्या बरणीवर मात्र काहीतरी चमकणारच. खिडकीवर ट्रेसिंग पेपर असेल तर ती चमक एका कडेला सरळ पट्टीसारखी राहते आणि बरणी काचेची आहे हे त्यामुळेच कळतं. पार्श्वभूमी पुसणारी ॲप्स बरणीवर वापरू नयेत, ती काचेची कडच खातात. मागच्या लेबलचा एक सरळ फोटो वेगळा घ्यावा. निव्वळ वजन आणि एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक त्यात वाचता आला पाहिजे.

फोटो सुधारताना एकच सुधारून घ्या आणि त्याच्या सेटिंग कॉपी करून बाकीच्यांवर पेस्ट करा. प्रत्येक फोटो वेगळा ‘छान’ करायला गेलं की आधीची सगळी मेहनत वाया. नावं IMG_4471 अशी न ठेवता kandalasun_250_1.jpg अशी द्यावीत. संगणकावर पाठवताना व्हॉट्सॲपवरून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो.

चिकटपट्टीच्या खुणांचा एक फोटो आणि अंतर, झूम, वेळ, खिडकी यांची एका ओळीची नोंद ठेवली, तर चार महिन्यांनी आलेली जवसाची चटणी याच रांगेत बसते. मसाल्याचं मात्र तसं नाही. नव्या हंगामाची मिरची आली, ब्याडगी जरा कमी पडून संकेश्वरी वाढली, की कुटलेल्या मसाल्याचा रंग खरोखरच बदलतो. तेव्हा जुन्या फोटोचा रंग ओढूनताणून नव्याशी जुळवत बसू नये. शीट लावावी, त्याच खुणांवर पुडे ठेवावेत आणि फोटो पुन्हा काढावेत.