सातशे सत्त्याऐंशी रुपयांची उकल

अंधेरी पूर्वेहून नरिमन पॉइंटला निघालेली एक कॅब घेऊ. सकाळी साडेनऊची वेळ, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून रस्ता, अंतर २४ किलोमीटर, लागलेला वेळ ७० मिनिटे आणि बिल ७८७ रुपये ४० पैसे. एवढे पैसे कशाचे झाले? या आकड्यात चार वेगवेगळ्या स्वभावाच्या रकमा एकत्र आल्या आहेत. एक अंतराबरोबर वाढते, एक वेळेबरोबर वाढते, एक कशानेच वाढत नाही आणि चौथी या तिघींना गुणते. टोल या सगळ्यांपासून अलग असतो. या रकमा कोणत्या क्रमाने एकत्र येतात, यावर बिल ठरते आणि ते बरोबर आहे का, हेही त्यावरूनच कळते.

उदाहरणासाठी सोपे दर धरू. मूळ भाडे ५० रुपये, किलोमीटरला १४ रुपये, मिनिटाला दीड रुपया. हे दर गाडीच्या प्रकाराप्रमाणे, शहराप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे बदलतात, पण हिशोबाची चौकट तीच राहते. कराची ओळ बिलात वेगळी असते, ती इथे बाजूला ठेवू.

सुरुवात मूळ भाड्यापासून करू, कारण इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत १ फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये पडतात आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. आता ३१ला दीडने भागून पाहा. उत्तर जवळपास २० रुपये ६६ पैसेच येते. म्हणजे मीटरच्या टॅक्सीत वेगळे मूळ भाडे नाहीच. ते ३१ रुपये पहिल्या दीड किलोमीटरचे आगाऊ घेतलेले पैसे आहेत, त्यात ते अंतर मोजलेले असते. आठ किलोमीटर गेलात तर ८ गुणिले २०.६६, साधारण १६५ रुपये, आणि मीटरही तेवढेच दाखवतो. ॲपवरच्या कॅबचे ५० रुपये मात्र अंतरात धरलेले नसतात. पहिल्या मीटरपासून किलोमीटरचे पैसे सुरू होतात आणि हे ५० त्यांच्यावर बसतात. म्हणून तीन किलोमीटर आणि बारा मिनिटांच्या फेरीला ५० अधिक ४२ अधिक १८ असे ११० रुपये होतात, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३७. आपल्या २४ किलोमीटरच्या प्रवासात तेच ५० रुपये पसरून जातात आणि किलोमीटरचा भाव साडेवीसवर येतो. जवळच्या फेरीला ॲप महाग का वाटते, याचे कारण इथे आहे.

वेळेचे पैसे हा या बिलाचा सर्वात रंजक भाग. गाडी थांबली की चालकाचा वेळ जातो, हे कोणीही मान्य करील. प्रश्न आहे तो वेळ मोजायचा कसा. कायदेशीर वजनमापांसाठी काम करणारी ओआयएमएल ही आंतरराष्ट्रीय संस्था टॅक्सीमीटरविषयीच्या आपल्या शिफारशीत दोन पद्धती सांगते. पहिलीत कोणत्याही क्षणी वेळ किंवा अंतर यांपैकी एकाचेच पैसे लागतात. दुसरीत दोन्ही घड्याळे एकाच वेळी चालू राहतात.

पहिल्या पद्धतीत मीटरला एक सीमारेषा लागते. गाडी अमुक वेगाच्या वर असेल तर अंतर मोज, खाली आली तर वेळ मोज. ही सीमा ताशी दर भागिले किलोमीटरचा दर, एवढ्या साध्या भागाकाराने ठरते. समजा प्रतीक्षेचा मिनिटाचा दर किलोमीटरच्या भाड्याचा दहावा हिस्सा आहे, म्हणजे २ रुपये ७ पैसे. तासाला झाले १२४ रुपये. त्याला २०.६६ने भागले की उत्तर येते ताशी सहा किलोमीटर. माणूस भरभर चालतो तो हा वेग. गाडी यापेक्षा हळू असेल तरच वेळेचे पैसे लागतील.

याचा परिणाम पाहा. कॅब ताशी दहा किलोमीटरने रांगत आहे, साकीनाक्याला किंवा हिंदमाताला रोज असते तशी. मीटरच्या दृष्टीने ती थांबलेली नाही, म्हणून वेळेचे काहीच मिळत नाही. तासाभराचे उत्पन्न सुमारे २०७ रुपये. रस्ता मोकळा असताना, ताशी चाळीसच्या वेगाने, तीच टॅक्सी तासाला ८२६ रुपये मिळवते. फरक चौपट. चालक ऐन गर्दीत काही भागांत यायला का नाखूश असतात, याचे उत्तर स्वभावात शोधण्याआधी या चौपटीत शोधावे, असे मला वाटते.

आता दुसरी पद्धत. ॲपच्या आपल्या दरांनी ताशी दहाच्या वेगाला अंतराचे १४० आणि वेळेचे ९० असे २३० रुपये होतात. ताशी चाळीसला ५६० आणि ९० मिळून ६५०. फरक पावणेतीन पटींवर आला. गर्दीचा भार चालकाच्या खिशातून थोडा प्रवाशाच्या खिशाकडे सरकला. ७० मिनिटांपैकी गाडी सिग्नलला किती वेळ उभी होती हे इथे कोणी विचारत नाही. सगळी ७० मिनिटे मोजली जातात आणि १०५ रुपये लागतात. म्हणून ॲपच्या बिलात 'प्रवासाचा वेळ' असतो, 'प्रतीक्षा' ही ओळ वेगळी असते. ती गाडी तुमच्या दारात आल्यानंतर तुम्ही खाली उतरेपर्यंतची. त्यात पहिली काही मिनिटे मोफत असतात. ही ओळ चुकीची असण्याची शक्यता मोठ्या सोसायट्यांत जास्त. उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात, गाडी मागच्या रस्त्यावर असताना फोन ती फाटकावर दाखवतो आणि घड्याळ सुरू होते. चालक पोहोचल्याचा संदेश आला पण गाडी दिसत नसेल तर ती वेळ टिपून ठेवावी.

मूळ ५०, अंतराचे ३३६, वेळेचे १०५. बेरीज झाली ४९१. इथवर साधी बेरीज आहे. सर्ज इथे येतो आणि तो गुणाकार आहे.

शहराच्या नकाशावर छोट्या विभागांची जाळी टाकतात आणि प्रत्येक विभागात गाड्या किती मोकळ्या आहेत आणि मागण्या किती आहेत, यावर पट ठरवतात. उबरने यासाठी वापरलेली एच-थ्री नावाची जाळी षटकोनांची आहे आणि २०१८ साली ती सर्वांसाठी खुली झाली. चौकोन घेतले तर कोपऱ्यावरचा शेजारी बाजूच्या शेजाऱ्यापेक्षा लांब पडतो. षटकोनाचे सहाही शेजारी केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतात, म्हणून 'शेजारच्या विभागात गाडी आहे' या वाक्याला सगळ्या दिशांना एकच अर्थ राहतो. विभागाची सीमा मात्र खरी असते. एका गल्लीत पट १.४ आणि रस्ता ओलांडल्यावर १.१ असे होऊ शकते.

आपल्या प्रवासात पट १.४ होता. ४९१ गुणिले १.४ म्हणजे ६८७ रुपये ४० पैसे. महाराष्ट्राच्या २०२५च्या धोरणाने हा पट दीडच्या वर जाऊ नये आणि मागणी कमी असताना सवलत २५ टक्क्यांहून जास्त नसावी, अशी मर्यादा घातली आहे.

गुणाकाराची एक अडचण आहे आणि निखिल गर्ग व हमीद नाझरजादेह या संशोधकांनी तिचा गणिताने अभ्यास केला आहे. गर्दी समजा वीस मिनिटांत ओसरते. पण त्या वीस मिनिटांत ज्या चालकाला ७० मिनिटांचे भाडे मिळाले, त्याला वाढीव पट पूर्ण ७० मिनिटे मिळत राहतो. ज्याला बारा मिनिटांचे मिळाले, तो बाहेर येईपर्यंत गर्दी उतरणीला लागते. आपल्या दरांनी पहिल्याला सर्जचे १९६ रुपये मिळतात, दुसऱ्याला ४४. साहजिकच गर्दीत जवळचे भाडे नाकारण्याकडे कल होतो. पट गुणण्याऐवजी प्रत्येक फेरीला ठराविक रक्कम बेरजेत घातली तर हा कल बराच कमी होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

उरला टोल. सागरी सेतूचा मोटारीचा एका फेरीचा टोल १ एप्रिल २०२४पासून १०० रुपये आहे. ६८७.४० अधिक १०० म्हणजे आपले ७८७.४०. टोल गुणाकाराच्या बाहेर राहिला, हे इथे महत्त्वाचे. तो चालकाच्या फास्टॅगमधून कापला जातो आणि जेवढा कापला तेवढाच परत मिळायला हवा. गर्दी झाली म्हणून नाका जास्त घेत नाही. कोणी चुकून टोलही गुणला असता तर बिल ८२७.४० झाले असते, बरोबर ४० रुपयांनी जास्त.

यातून सर्जच्या वेळी उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. सेतू टाळून माहीम-दादरवरून गेलो असतो तर, समजा, अंतर २३ किलोमीटर आणि वेळ ९५ मिनिटे. सर्ज नसताना सेतूचे ५९१ आणि दादरचे ५१४.५०, म्हणजे सेतू साडेशहात्तर रुपयांनी महाग. पट १.४ झाला की दादरचे भाडे ७२०.३० होते आणि फरक ६७वर येतो, दीड पटीला तो पासष्टच्या खाली जातो. सर्जमध्ये रस्त्यातले प्रत्येक मिनिट महागते आणि टोल तिथेच राहतो, म्हणून वेळ वाचवणारा टोलचा रस्ता तुलनेने स्वस्त पडू लागतो.

आता उलट दिशेने. बिलावर पट छापलेला नसेल तर तो काढता येतो, पण टोल आधी वजा करावा लागतो. ७८७.४०मधून १०० काढून ४९१ने भागले की १.४ मिळते. टोल न काढता भागले तर १.६ येते आणि दीडची मर्यादा मोडली, असा चुकीचा समज होतो. दुसरे, निघण्यापूर्वी दाखवलेली रक्कम आणि शेवटची रक्कम पैशापर्यंत सारखी असेल, तर बिल प्रत्यक्ष अंतरावर केलेलेच नाही. ते नकाशाने आधी धरलेल्या अंतरावर आणि वेळेवर आहे, आणि तुम्ही वेळेआधी पोहोचलात तरी कमी होणार नाही. तसे नसेल तर अंतर नकाशावर पडताळावे, विशेषतः किनारी रस्त्याच्या बोगद्यातून गेलात तर. मलबार हिलखालच्या त्या दोनेक किलोमीटरमध्ये उपग्रहांचे संकेत पोहोचत नाहीत आणि ॲपला आत शिरलेला आणि बाहेर आलेला बिंदू जोडून अंतर भरून काढावे लागते.

टोलची ओळ तपासणे सर्वात सोपे. तिच्यासमोर नाक्याचे नाव पाहावे. किनारी रस्त्याला टोल नाही. वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन अशा मुंबईच्या प्रवेशावरच्या पाचही नाक्यांवर १५ ऑक्टोबर २०२४पासून हलक्या वाहनांना टोल माफ आहे. यांपैकी एखादे नाव कॅबच्या बिलात आले, तर ती रक्कम परत मागावी.