सात दिवसांची फाइल

वॉटर प्युरिफायर बसवणारी आणि त्यांची सर्व्हिसिंग करणारी वीसेक माणसांची एक कंपनी धरा. रोज सकाळी तिथे मेकॅनिकांसाठी एक एक्सेल फाइल निघते. तिच्यात ग्राहकाचं नाव, पत्ता, मोबाइल आणि घरी माणूस किती वाजता भेटेल हे असतं. संध्याकाळी फाइलचं काम संपतं, पण ती सर्व्हरवरच्या tmp फोल्डरमध्ये पडून राहते. तीन वर्षांत अशा हजारभर फायली साठतात. मूळ डेटाबेसला पासवर्ड असतो, रोजचा बॅकअप असतो. या फोल्डरकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही, आणि कोणत्या घरी दुपारी कुणी नसतं हे तर तिथेच लिहिलेलं असतं.

दुसरा साठा लॉगचा. प्रोग्रॅम अडला की तो का अडला हे लॉगमध्ये लिहितो. चूक शोधायला म्हणून कुणीतरी सविस्तर लॉग चालू केलेला असतो आणि बंद करायचा राहतो. मग ग्राहकाने भरलेला अख्खा फॉर्मच लॉगमध्ये उतरत राहतो.

सगळंच पुसून टाकू म्हटलं, तर तेही चालत नाही. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काम संपल्यावर माहिती पुसायला सांगतो; त्याच कायद्याचे नोव्हेंबर 2025 मधले नियम प्रक्रियेच्या नोंदी किमान वर्षभर जपायला सांगतात. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे, तरी मुदत आत्ताच वर्षाची धरलेली बरी. हा पेच लॉग लिहितानाच सुटतो. कोण, कधी, कुठून आलं आणि कोणत्या क्रमांकाची तक्रार उघडली एवढंच लॉगमध्ये ठेवायचं. मोबाइलचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकायचे. असा लॉग वर्षभर राहिला तरी त्यातून फुटण्यासारखं फारसं नसतं. सविस्तर लॉगला चौदा दिवस पुरेत. मेकॅनिकांच्या फायलींना सात दिवस, कारण मूळ नोंद डेटाबेसमध्ये असतेच. बिलांचा हिशेब जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावा लागतो, पण तो हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मेल करण्यापुरती तयार झालेली पीडीएफ ही त्याची नुसती नक्कल. एखाद्या ग्राहकाशी वाद चालू असेल, तर त्याच्या फायली मात्र आधी बाजूला काढून ठेवायच्या.

पुसायची आज्ञा एका ओळीची आहे. पहिल्यांदा ती नुसती यादी दाखवायला लावायची :

```
find /srv/seva/tmp -type f -mtime +7 -print
```

यादी डोळ्यांखालून घातली की शेवटच्या `-print` च्या जागी `-delete` लिहायचं. शेवटीच. तो शब्द चुकून `-mtime` च्या आधी आला, तर फायलीचं वय तपासायच्या आतच ती पुसली जाते. शिवाय `+7` मध्ये पूर्ण दिवसच मोजले जातात, म्हणून फाइल प्रत्यक्षात आठ दिवसांची झाल्यावर जाते. धोरणात ‘सात दिवसांत’ असं लिहिलं असेल, तर इथे `+6` हवं.

पण खरी फसगत तारखेची. कंपनीने सर्व्हर बदलला आणि फायली साध्या कॉपीने नव्या जागी नेल्या, की प्रत्येक फायलीला त्या दिवसाची तारीख लागते. लॉगसाठी वर्षाची मुदत असेल, तर तीन वर्षांपूर्वीचा लॉगही आज जन्मल्यासारखा दिसतो आणि आणखी वर्षभर मुक्काम करतो. आज्ञा रोज रात्री बिनतक्रार चालते, काहीच पुसत नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. हे ओळखायचं कसं? फायलीच्या नावातली तारीख आणि बदलाची तारीख शेजारी ठेवून पाहायची. नाव 2022 चं आणि तारीख मागच्या महिन्याची असेल, तर घोळ आहे. नेताना `cp -p` वापरलं असतं, तर मूळ तारखा टिकल्या असत्या.

उलटंही घडतं. फाइल पुसली, यादीतून गेली, पण डिस्कवरची जागा काही मोकळी झाली नाही. प्रोग्रॅमने तो लॉग उघडून धरलेला असतो, आणि तो सोडेपर्यंत मजकूर तिथेच असतो. `lsof +L1` अशा फायली दाखवते. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की त्या खऱ्या अर्थाने जातात. बॅकअप तीस दिवसांचा असेल, तर आपले सात दिवस सदतीस होतात, हेही धोरणात सरळ लिहून ठेवावं.

किती फायली गेल्या याची नोंद ठेवायला हवी, कारण लागोपाठ शून्य दिसलं तरच वरचा घोळ लक्षात येतो. पण तिथे फायलींची नावं न लिहिता फक्त तारीख, फोल्डर आणि संख्या लिहायची. आपल्याकडे पीडीएफला ग्राहकाच्या मोबाइल नंबरचंच नाव द्यायची पद्धत फार आहे. तशी नावं उतरवली, तर पुसल्याच्या वहीतच ग्राहकांची नवी यादी तयार होते.