घाम गेला, वास राहिला

धुऊन वाळवलेला टी-शर्ट नाकाशी धरला तर काहीच वास येत नाही. तोच अंगात घालून दहा मिनिटं भराभर चाललं की काखेतून जुना वास वर येतो. असं झालं तर आतल्या शिवणीवरची पट्टी वाचून पाहा. बहुतेक वेळा तिच्यावर पॉलिस्टर लिहिलेलं असतं.

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतल्या घामातले स्निग्ध घटक जिवाणू खातात आणि त्यातून वासाची द्रव्यं तयार होतात. 2014 साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. 26 जणांनी तासभर जोरात व्यायामाची सायकल चालवली आणि त्यांचे टी-शर्ट 28 तास ठेवून मग हुंगले गेले. पॉलिस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा जास्त घाणेरडे ठरले. त्यांच्यावर मायक्रोकोकस जातीचे जिवाणूही जास्त वाढले होते.

हा फरक धाग्याच्या स्वभावातच आहे. कोरडा दिसणारा शंभर ग्रॅम सुती कपडासुद्धा हवेतली सात-आठ ग्रॅम ओल धरून असतो. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. सुताच्या आत पाणी शिरतं, त्यामुळे धुताना आतली घाणही सुटते. पॉलिस्टरला पाण्याचं वावडं आणि तेलाची ओढ. ‘ड्राय-फिट’ टी-शर्टात घामाचं पाणी धाग्यांमधल्या फटींतून पसरून उडून जातं, पण त्वचेचं तेल धाग्यालाच चिकटून राहतं आणि वासाची द्रव्यं त्या तेलात मुरतात. गार पाण्याने ती निघत नाहीत. अंगाची ऊब लागली की पुन्हा हवेत येतात. इस्त्री फिरवतानाही हा वास कळतो.

म्हणून धुताना तेलावरच घाव घालायला हवा. घामट कपडे ओले असताना बॅगेत कोंबू नका. लगेच धुणं जमत नसेल तर निदान दोरीवर पसरून ठेवा. टी-शर्ट उलटा करा, काखेवर थोडं लिक्विड डिटर्जंट चोळा आणि अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. जड पाण्यात साध्या साबणाचा थर कपड्यावर बसतो, त्यामुळे अशा कपड्यांना डिटर्जंटच बरं. फॅब्रिक कंडिशनर तर नकोच. त्याचा लेप धाग्यावर राहतो आणि तेल आणखी धरून ठेवतो. वास जुना असेल तर ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात काही तास भिजवा, पण त्याआधी पट्टीवरच्या सूचना वाचा. पावडर जास्त घालून उपयोग नाही. ती नीट खळबळून निघाली नाही तर उलट मळ धरते.

रोज दिवसभर घालायचे शर्ट, बनियन आणि मोजे सुतीच घ्या. टेरिकॉट टिकतं, इस्त्रीही कमी लागते, पण त्यात पॉलिस्टरचा वाटा अनेकदा निम्म्याहून जास्त असतो. पॉलिस्टर पळायला किंवा खेळायला हलकं पडतं, तिथे ते जरूर वापरा. मात्र घरी आल्यावर ते अंगावर ठेवू नका, उतरवून लगेच भिजत घाला.