धावत्या मोटारीचा पुढचा टायर फुटतो तेव्हा

वेलंकणीच्या यात्रेस किंवा दूरच्या लग्नास निघालेली कुटुंबे हल्ली आपली मोटार घेऊन एका दमात शेकडो मैल जातात. रस्ते रुंद झाले, वेग वाढला, आणि ताशी शंभर किलोमीटरचे कोणाला काही वाटेनासे झाले. अशा वेगात पुढचा टायर फुटला, तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत चालकाने काय करावे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. कारण त्या क्षणी मनुष्याला जे सहज सुचते, तेच बहुधा घातक ठरते.

समजा, मोटार रस्त्याच्या मधल्या पट्ट्यातून ताशी शंभराने चालली आहे आणि उजवीकडचा पुढचा टायर फुटला. प्रथम मोठा आवाज होतो, मग रबराची फडफड ऐकू येते. मोटारीचा तो कोपरा खाली बसतो आणि स्टिअरिंग जड होऊन उजवीकडे ओढू लागते. (मागचा टायर फुटल्यास ही ओढ हाताला फारशी जाणवत नाही, बसल्या जागी मोटारीची शेपटी हेलकावल्यासारखी वाटते.) हवा गेलेले चाक नीट गडगडत नाही, ते रस्त्याला घासत, अडत चालते. जणू कोणी मोटारीचा उजवा खांदा धरून तिला मागे खेचीत असतो.

या वेगात मोटार सेकंदाला सुमारे अठ्ठावीस मीटर जाते. तिचे तोंड अवघे पाच अंश वळले, तरी एका सेकंदात ती अडीच मीटर बाजूला सरकते, म्हणजे आपला पट्टा सोडून दुभाजकाकडे किंवा शेजारच्या वाहनाकडे जाते. हे पाहून चालक घाबरतो, ब्रेकवर पाय दाबतो आणि स्टिअरिंग डावीकडे हिसडतो. येथेच घात होतो. जोराने ब्रेक लावताच मोटारीचा भार पुढे, त्या फुटक्या चाकावर येतो. मागची चाके हलकी होऊन त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते. त्यातच स्टिअरिंग हिसडलेले असल्याने मागचा भाग गरकन फिरतो. उघडी पडलेली लोखंडी रिम रस्त्यात रुतली, तर मोटार उलटतेसुद्धा.

म्हणून पहिली गोष्ट ही की, ब्रेकला पाय लावू नये. दुसरी, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे आणि मोटार सरळ ठेवण्यास लागेल तेवढेच, हलक्या हाताने वळवावे. तिसरी गोष्ट पुष्कळांना विपरीत वाटेल: अॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलू नये. एक-दोन सेकंद तो होता तेथेच ठेवावा, किंचित दाबला तरी चालेल. हेतू वेग वाढविण्याचा नाही. फुटके चाक मागे खेचत असते, त्या ओढीला इंजिनाचा पुढचा जोर तोलून धरतो आणि मोटार सरळ राहते. ती ताब्यात आहे असे वाटले की पाय हळूहळू उचलावा. फुटके चाकच पुढे ब्रेकचे काम करते. वेग आपोआप राखणारी योजना चालू असल्यास ती बटणाने बंद करावी, ब्रेकने नव्हे.

वेग तीस-चाळीसवर आल्यावर डावीकडचा दिवा दाखवून, अगदी शेवटी हलका ब्रेक लावून, मोटार रस्त्याबाहेरच्या टणक जागी न्यावी. रिम खराब होईल म्हणून वाहत्या रस्त्यात थांबणे हा वेडेपणा होय. रिम नवी मिळते. सर्वांनी डाव्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे आणि तांबडा त्रिकोण बराच मागे ठेवावा.

आता टायर फुटतो का, याविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. उन्हाने हवा प्रसरण पावून टायर फुटतो, सबब उन्हाळ्यात हवा कमी भरावी, असे पेट्रोलपंपावरही सांगतात. वस्तुतः उष्णतेने वाढणारा दाब थोडा असतो, आणि टायर त्याहून कितीतरी अधिक दाब सोसण्यासाठीच बनविलेला असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि उठते. शंभराच्या वेगात असे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा घडते. त्या चेपण्यानेच टायर आतून तापतो, रबर आणि धाग्यांचे थर सुटे होतात, आणि तासाभराने टायर फाटतो. त्यात मोटार माणसांनी व सामानाने गच्च भरलेली असली, तर हे अधिक लवकर होते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक पत्रक चिकटवलेले असते. त्यात पूर्ण भारासाठीचा आकडा निराळा दिलेला असतो. प्रवासाच्या सकाळी, टायर थंड असताना, तोच आकडा पाहून हवा भरावी. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो घेऊ नये. त्याच वेळी टायरच्या बाजूवरून हात फिरवावा. कोठे फुगवटा लागला, तर आतले धागे तुटलेले आहेत असे समजावे, आणि तो टायर बदलल्यावाचून महामार्गावर निघू नये.