मीना, समीर आणि बिनआडनावाचा पहिला धडा

‘आशा आली.’ मराठी माणसाला या वाक्यात अडण्यासारखं काहीच नाही. आमच्या वर्गातल्या एका तमिळ गृहस्थांनी मात्र त्याचा अर्थ ‘मनात उमेद निर्माण झाली’ असा लावला. त्यांनी शब्दकोश उघडला होता, त्यात ‘आशा’ सापडला होता आणि अर्थही बरोबर होता. ती एक बाई आहे, ऑफिसात काम करते आणि आज उशिरा आली आहे, हे त्यांना कळायला आम्ही काहीच वाव ठेवला नव्हता. रोमन लिपीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं. देवनागरीत सगळी अक्षरं एकाच मापाची, त्यामुळे कोणता शब्द कोशात शोधायचा आणि कोणता नाव म्हणून सोडून द्यायचा, हे नवख्याला कळत नाही.

मराठी न येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आम्ही तिघं-चौघं एक छोटं पुस्तक लिहीत होतो. बँकेत बदली होऊन आलेले, लग्न होऊन पुण्यात आलेल्या, इस्पितळात काम करणाऱ्या केरळी परिचारिका, असा आमचा वाचक. पहिल्या संवादात दोन माणसं हवी होती, एक बाई आणि एक पुरुष. नावं काय ठेवायची यावर पाच मिनिटं लागतील असं वाटलं होतं. लागले दोन रविवार.

‘आशा’बरोबर ‘माया’ही गेली, कारण ‘मायेनं जवळ घेतलं’ हे वाक्य पुढे कधीतरी येणारच होतं. दीपक, सुमन, किरण यांचंही तसंच. शिवाय किरण आणि सुमन दुसऱ्याच कारणानं बाद होते. जातधर्माचा मागमूस लागू नये म्हणून ही नावं पहिल्यांदा सुचतात, आणि किरण तर खरोखरच सगळीकडे आढळतो. पण तो आढळतो की ती आढळते? मराठीत क्रियापद लिंग सोडत नाही. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ हा फरक बोलणाऱ्याला स्वतःबद्दलही करावा लागतो. शिकणाऱ्याला हा नियम अजून माहीत नसतो, तो या संवादातूनच उमगायला हवा असतो. त्यासाठी माणूस पुरुष की बाई हे त्याला नावावरूनच आधी कळलेलं असावं लागतं. सहाव्या धड्यात ‘किरण आली’ लिहून ‘किरण कोण?’ असं विचारणं हा छान स्वाध्याय आहे. पहिल्या धड्यात तो छळ आहे.

मग कोणीतरी ‘कमल’ सुचवलं. काना-मात्रा नाही, जोडाक्षर नाही. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच नावांवर वाचायला शिकल्या. पण इथे दोन अडचणी निघाल्या. पहिली म्हणजे, मराठीत कमल ही बहुधा बाई असते, हिंदी आणि तमिळ माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र पुरुष उभा राहतो. दुसरी जास्त खोल आहे. बिनमात्रेचं नाव लहान मुलाला सोपं जातं, कारण त्याला बोली आधीपासून येत असते. क-म-ल अशी अक्षरं लावताच त्याच्या तोंडात आपोआप ओळखीचा शब्द येतो. मोठ्या नवख्याला कुठला ‘अ’ उच्चारायचा आणि कुठला गिळायचा हेच माहीत नसतं. आपण ‘सरला’ लिहितो आणि ‘सर्ला’ म्हणतो, ‘रजनी’ लिहितो आणि ‘रज्‌नी’ म्हणतो. तो बिचारा स-र-ला म्हणतो आणि ते चूकही नसतं, फक्त कोणी तसं बोलत नाही. म्हणून अशा वाचकाला दीर्घ स्वर मदत करतात. काना किंवा दुसरी वेलांटी असली की जोर कुठे द्यायचा हे डोळ्यांना दिसतं.

वेलांटी म्हटली ती दुसरीच. पहिली वेलांटी नवख्याचा वैरी आहे, कारण ती लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर. ‘अनिल’ आणि ‘अनिता’ इथेच अडखळतात. ‘प्रिया’त पहिलंच अक्षर जोडाक्षर. ‘रवी’ हे नाव तर इतकं साधं, पण ‘र’ला ‘व’ चिकटला की तो ‘ख’ दिसतो, आणि कमी प्रतीच्या छपाईत रवीचा खी होतो. ‘भावना’ आणि ‘भरत’ नकोत, कारण ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक एवढाशा गाठीचा. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं मराठीत वेगळी आणि हिंदीत वेगळी. मराठीची वळणं शासनानं २००९च्या निर्णयात पक्की केली, पण वाचकाच्या फोनवर उमटतात ती बऱ्याचदा हिंदीची. ‘च’ आणि ‘ज’ यांचे तर दोन-दोन उच्चार, जग वेगळं आणि जागा वेगळी. ही सगळी अक्षरं शिकायची आहेतच, पण पहिल्या पानावर नाहीत.

हे सगळं वगळल्यावर उरलेल्या अक्षरांतून ‘समीर’ निघालं. संस्कृतात त्याचा अर्थ वारा, अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा. दोन वेगळ्या भाषांतले दोन वेगळे शब्द मराठीत येऊन एकाच स्पेलिंगचे झाले आहेत, आणि म्हणून कोल्हापुरातला समीर कोणत्या घरातला हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. वारा हा अर्थ कवितेत भेटेल तेवढाच, रोजच्या बोलण्यात नाही, म्हणजे कोशाचा घोळही नाही.

‘मीना’चा इतिहास तर याच कामाचा आहे. युनिसेफनं १९९०च्या दशकात दक्षिण आशियातल्या मुलींच्या शिक्षणासाठी आणि आरोग्यासाठी एक चित्रमालिका काढली. नऊ वर्षांची मुलगी, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट. त्या कामात आपल्याकडचे चित्रपटकार राम मोहन होते. ही मुलगी बांगलादेशातही चालायला हवी होती आणि नेपाळ, पाकिस्तान, भारतातही, म्हणून नाव असं घेतलं की हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत ते आपलं वाटावं. संस्कृतात मीन म्हणजे मासा, फारसीत मीना म्हणजे निळसर काच, मीनाकारीतली. आम्ही हे नाव शोधलं असं म्हणण्यात अर्थ नाही, ते आधीच तपासून ठेवलेलं होतं.

आता दोन्ही नावं शेजारी ठेवा. व्यंजनं चारच : स, म, र, न. चिन्हं दोन : काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्या सहा आकारांत पुस्तकाचं पहिलं पान पूर्ण होतं :

मी मीना.
मी समीर.

‘मी’ हा शब्द दोन्ही नावांत आधीच बसलेला आहे, आणि ‘आहे’ लावायची गरज नाही, कारण ओळख करून देताना आपण तो बहुधा लावत नाही. दुसऱ्या पानावर क आणि त ही दोन व्यंजनं आणि दोन मात्रा वाढवल्या की ‘समीर काम करतो, मीना काम करते’ एवढं लिहिता येतं. लिंगाचा नियम समजावून सांगावा लागत नाही, तो ‘तो’ आणि ‘ते’मधल्या मात्रेत दिसतो.

विभक्तीचीही परीक्षा घ्यावी लागते, ती बहुतेक जण विसरतात. राम घेतला की ‘रामला’ म्हणायचं की ‘रामाला’? सीता घेतली तर ‘सीताला’ की ‘सीतेला’? दोन्ही बोललं जातं, आणि नवख्याला वाटतं की ही दोन वेगळी माणसं आहेत. समीरला, समीरने, समीरचा. मीनाला, मीनाने, मीनाचा. नाव जसंच्या तसं राहतं आणि प्रत्यय सुटा ओळखता येतो. मीनाबाबत एकच खोच आहे. ‘मी ना, काल आलेच नाही’ असं आपण बोलतो, आणि अक्षरांमधली जागा थोडी कमी-जास्त छापली की मीनाचं ‘मी ना’ होतं. मुद्रितशोधकाला तेवढं सांगून ठेवायचं.

तिसऱ्या पात्राला ‘सारा’ हवी होती. यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू, सगळ्यांकडे हे नाव आहे, आणि अक्षरं त्याच सहांतली. पण ‘सारा गाव जमला’ आणि ‘शेतसारा’ या दोघांनी तिला बाहेर काढलं. ‘नीरा’ला नदीनं आणि ताडाच्या रसानं काढलं. ‘रीमा’ सगळ्या कसोट्यांना उतरली, फक्त ती मीनाच्या शेजारी बसू शकत नव्हती. दोघींचा आकार एकच, यमकही जुळतं, आणि घाईत वाचणारा कोण बोललं यात गोंधळतो. ती पुढच्या धड्यात, मीना रजेवर असताना आली.

खरा वाद आडनावावर झाला. आपल्याकडे नाव विचारलं की लगेच ‘पूर्ण नाव?’ येतं, आणि ते माहितीसाठी नसतं हे सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसातला संवाद आडनावाशिवाय खोटा वाटेल असं एकाचं म्हणणं होतं. पाटील, देशमुख, इनामदार ही अधिकारावरून आलेली आडनावं अनेक समाजांत आहेत, मुसलमानांतही. तरी ऐकणारा मनात एक अंदाज बांधतोच. त्यापेक्षा गावावरून येणारी ‘कर’ची आडनावं जास्त पसरलेली आहेत : ब्राह्मण, मराठा, दलित, कोकणी मुसलमान आणि बेने इस्रायलीसुद्धा. पेणकर आणि केहीमकर ही बेने इस्रायलींची आडनावं पेण आणि किहीमवरूनच आली. आम्ही ‘नगरकर’ काढलं. मात्रा नाही, जोडाक्षर नाही. आणि वाचायला दिल्यावर एका परिचारिकेनं न-ग-र-क-र असे पाच अक्षरांचे पाच ठोके वाजवले. ते आडनाव आठव्या धड्यात ढकललं. तोवर मीना समीरला ‘समीर’ म्हणते, शिपाई तिला ‘मॅडम’ म्हणतो, आणि शेजारची मुलगी ‘मीनाताई’ म्हणते. कोणी कोणाला काय म्हणतं यावरून त्यांचं नातं कळतं, आडनावाची जागा तेवढ्यावर भागली.

तटस्थ नावांचा हा डाव संपूर्ण पुस्तकभर चालवायचा नव्हता. नाही तर असा महाराष्ट्र तयार होतो जिथे कोणालाच घर नाही. दहाव्या धड्यापासून आयेशा आहे, सिद्धार्थ आहे, वसईचा फ्रान्सिस आहे; तोवर वाचकाला जोडाक्षरं आलेली असतात. फक्त एक नोंदवही ठेवली : कोण चहा आणतो, कोण सही करतो, कोण उशिरा येतो. पहिल्या मसुद्यात चहा आणणारा प्रत्येक वेळी एकाच धाटणीच्या नावाचा निघाला होता. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, आणि मोजेपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

नावांवर एवढी मेहनत घेतल्यावर चित्रं आली. चित्रकारानं मीनाच्या कपाळावर टिकली काढली होती, समीरच्या मनगटावर लाल दोरा बांधला होता, आणि मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गणपती होता. चित्रं परत पाठवली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मीनाच्या हातात डबा होता आणि समीरच्या हातात छत्री. भिंतीवर घड्याळ, त्यात साडेदहा वाजलेले.